आशीर्वाद कोणी वाचायचा?

मोशी-चाकण रस्त्यावरची लॉन्स असोत, स्पाइन रोडची मंगल कार्यालये असोत की रहाटणी-थेरगावातले हॉल, लग्नसराईत या पट्ट्यात ज्या पत्रिका घरोघरी येतात त्यांत दोन गोष्टी हमखास छापलेल्या असतात. एक म्हणजे मुहूर्त, तोही सायंकाळी ६ वाजून ३२ मिनिटे असा मिनिटापर्यंत मोजून काढलेला. दुसरी म्हणजे ‘शुभाशीर्वाद’ या मथळ्याखालची लांबलचक यादी. तिच्यात आमदार-खासदार, आजी-माजी नगरसेवक, पतसंस्थेचे अध्यक्ष, लेबर कंत्राटदार आणि एखादे ह.भ.प. महाराज असतात. प्रत्यक्ष मांडवात या दोन गोष्टींचे भांडण लागते आणि त्यात मुहूर्त हरतो. नवरानवरी पाटाजवळ ताटकळत उभी असतात, मामा अंतरपाट घेऊन तयार असतात, आणि निवेदक एकेका पाहुण्याला ‘वधू-वरांना दोन शब्दांत आशीर्वाद देण्यासाठी’ पुकारत राहतो. दोन शब्दांची दहा मिनिटे होतात. सहा बत्तीसचे लग्न साडेसातला लागते. या सगळ्या वेळात ज्यांनी त्या मुलाला किंवा मुलीला लहानाचे मोठे केले ते आजी-आजोबा, चुलते, थोरली मावशी पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर गप्प बसलेले असतात. माइक त्यांच्यापर्यंत येतच नाही.

हे चित्र सगळ्यांनाच खटकते. त्यावर तोडगा म्हणून ‘भाषणे बंद करा आणि लग्न वेळेवर लावा’ असे सांगितले जाते. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात हुंड्याची आणि सुनांच्या छळाची चर्चा पेटली, तेव्हा मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नांसाठी आचारसंहिता मांडली गेली. तिचाही रोख वेळेवर आणि खर्चावर होता. तो योग्यच आहे, पण तेवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. भाषणे कापली तरी आशीर्वाद कोणी द्यायचा, कोणत्या शब्दांत द्यायचा आणि दिल्यावर त्याचे काय होते, हे उरतेच. माझे म्हणणे असे की लग्नातला आशीर्वाद ही नुसती सदिच्छा नाही, ती साक्ष आहे. म्हणून तो अशा माणसाने वाचावा ज्याला पुढे काही बिनसले तर त्या घराच्या दारात जाऊन उभे राहता येईल. हा विचार मुळीच नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात आणि याच पट्ट्याच्या आसपासच्या गावांत तो मांडला गेला, त्याप्रमाणे लग्ने लागली आणि त्यापायी कोर्टकचेऱ्याही झाल्या.

आधी आज चालतात ती मंगलाष्टके काय आहेत ते पाहू. ती बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर थांबा, म्हणून लांबवून गायला सोयीची. सुरुवात गणपतीने होते. त्या कडव्यात अष्टविनायकांची गावे एकामागून एक येतात आणि त्यांतली लेण्याद्री व ओझर ही दोन चाकणहून नाशिकच्या दिशेने गेले की लागणाऱ्या जुन्नर तालुक्यातली. पुढे नद्या येतात, समुद्रमंथनातून निघालेली चौदा रत्ने येतात, आणि प्रत्येक कडव्याअखेर या सगळ्यांनी नवदांपत्याचे सदा मंगल करावे अशी विनवणी असते. त्यानंतर घरच्या हौशी मंडळींनी रचलेली, वधूवरांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावे गुंफलेली मराठी कडवी म्हटली जातात. पूर्वी ती गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटत. सावकाश गायलेल्या एका कडव्याला साधारण पाऊण ते एक मिनिट लागते. म्हणजे आठ कडव्यांना सहा ते आठ मिनिटे. मुहूर्त टळत असेल तर गुरुजी आठांची पाच करतात आणि कोणाची तक्रार नसते. रचना म्हणून ती देखणी आहेत. मात्र त्यांत देव, नद्या आणि रत्ने यांना विनवलेले आहे. नवरा काही कबूल करत नाही, नवरी काही मागत नाही आणि जमलेले वडीलधारे कशाचीच जबाबदारी घेत नाहीत.

शास्त्राच्या दृष्टीनेही मंगलाष्टके विवाहाचा गाभा नाहीत. गृह्यसूत्रांनी सांगितलेला विवाह कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी या क्रमाने जातो. मंगलाष्टके हा त्याला जोडून आलेला लोकाचार आहे. कायदाही त्यांच्याकडे पाहत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ म्हणते की विवाह दोघांपैकी कोणाच्याही रूढ विधींनुसार लावता येतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले. त्या प्रकरणात हार घालणे, टिळा लावणे, नारळ आणि कपाळाला कपाळ लावणे असे गांधर्व पद्धतीचे उपचार झाले होते. अग्नीसमोरचे विधी आणि सप्तपदी त्या समाजात रूढीने वगळली गेल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून तो विवाह कायद्याने लागलेला मानता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. नुसती नोंदणीही पुरेशी नाही, विधी व्हावेच लागतात, हे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. याचा सरळ अर्थ असा की आशीर्वादाने लग्न लागत नाही आणि आशीर्वाद बदलल्याने ते मोडतही नाही. आपापल्या समाजाचे आवश्यक विधी पाळले की आशीर्वादाच्या शब्दांवर आपल्याला पूर्ण मोकळीक आहे.

तरीही कोणत्याही मराठी माणसाला विचारा, लग्न कधी लागले? तो सप्तपदीची वेळ सांगणार नाही. शेवटचे ‘शुभमंगल सावधान’ झाले, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, तेव्हा लग्न लागले. सप्तपदीच्या वेळी निम्मे पाहुणे पंगतीला बसलेले असतात. लोकांची ही समजूत अडाणीपणाची नाही. होम आणि सप्तपदी हे वधू-वर, अग्नी आणि पुरोहित यांच्यातले व्यवहार आहेत. जमलेल्यांच्या हाताला काम मिळते ते फक्त मंगलाष्टकांच्या वेळी. सगळे उभे राहतात, सगळ्यांच्या मुठीत अक्षता असतात, सगळे एकाच वेळी हात उचलतात. विवाहाला समाजाची संमती मिळते ती या क्षणी, हे लोकांनी बरोबर ओळखले आहे. मग ज्या कृतीने समाज संमती देतो त्या कृतीचे शब्द कोणालाच कशाने बांधत नसतील, तर ती संमती पोकळ ठरते. महात्मा फुल्यांनी बोट ठेवले ते नेमके याच ठिकाणी.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. पुढच्या काळात या विधींना पक्के रूप आले आणि १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. भटजी वगळून खर्च वाचवण्याची युक्ती, असे या विधीकडे अनेकदा पाहिले जाते. पण पुस्तिका लक्ष देऊन वाचली तर ध्यानात येते की फुल्यांनी मंगलाष्टकांचा सांगाडा जागेवर ठेवला आणि आतला मजकूर उलटा केला. वधू-वर समोरासमोर उभे, कडव्याअखेर ‘शुभमंगल सावधान’ हा परिचित इशारा, हे सारे तेच. बोलणारे मात्र बदलले. मंगलाष्टके वधू-वरांच्याच तोंडी आली. ती संवादासारखी आहेत. नवरी म्हणते की स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच मिळालेला नाही, तेव्हा स्त्रीला तिचे हक्क देण्याची शपथ घे. नवरा सर्वांसमक्ष ती शपथ घेतो. आशीर्वाद त्यानंतर. जमलेले लोक अक्षता टाकतात त्या ही कबुली ऐकून. एकोणिसाव्या शतकातल्या नवरीने भर मांडवात तोंड उघडून काही मागावे ही गोष्ट आजच्या पिंपरीतही विरळाच, मग तेव्हाचे काय सांगावे!

या क्रमातच सगळे आले. आधी आशीर्वाद आणि मग संसार अशी रचना असली की आशीर्वाद देणाऱ्याला काहीच माहीत असण्याची गरज उरत नाही. आधी वचन आणि मग आशीर्वाद अशी रचना केली की आशीर्वाद देणारा त्या वचनाचा साक्षीदार होतो. पुढे नवऱ्याने हात उगारला तर ‘तू आमच्यादेखत काय कबूल केले होतेस?’ असे विचारण्याचा अधिकार त्याला मिळतो, आणि विचारायला गेला नाही तर तो स्वतः खोटा पडतो. भाषेचा मुद्दाही याच्याशीच बांधलेला आहे. साक्षीदाराला वचन समजलेच पाहिजे, म्हणून ते मराठीत. योगायोग असा की आपला दिवाणी कायदाही हेच मागतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विवाह पूर्ण होण्याची अट अशी की दोघांनी विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना कळेल अशा कोणत्याही भाषेत, एकमेकांचा स्वीकार केल्याचे बोलून दाखवले पाहिजे.

फुल्यांची पद्धत पुण्याच्या पेठांत अडकून राहिली नाही. चाकणवरून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याला वळले की जुन्नर तालुक्यातले ओतूर लागते. तिथल्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचे लग्न गावच्या जोश्याला न बोलावता लावले. जोश्यांनी आपला परंपरागत हक्क बुडाला म्हणून दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की विधी कोणीही करो, दक्षिणा आमची. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९० मध्ये निकाल पाटलांच्या बाजूने लागला. विवाह कोणाच्या तोंडून लावून घ्यायचा हे यजमानाने ठरवायचे, एवढी साधी गोष्ट मिळवायला वर्षे गेली. ज्याला बोलावलेच नाही अशा उपाध्यायाने दक्षिणेवर हक्क सांगण्याची वाट मुंबई इलाख्यात कायद्याने बंद झाली ती तर १९२६ मध्ये. या लढ्याच्या आघाडीवरचे एक नाव चाकणच्या कामगारांना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे आणि ‘दीनबंधू’ चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे बिनीचे कार्यकर्ते होते. त्यांचे मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर, म्हणजे आज जिथे औद्योगिक क्षेत्र पसरले आहे तोच भाग. कामाच्या अटी मालकाने परस्पर ठरवू नयेत आणि लग्नाचे शब्द उपाध्यायाने परस्पर ठरवू नयेत, या दोन मागण्या लोखंड्यांच्या आयुष्यात शेजारी शेजारी नांदल्या.

याच पट्ट्यात दुसरा धागा देहूरोडला सापडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतरानंतर बौद्ध लग्न कसे लावायचे असा प्रश्न कार्यकर्त्यांना पडला, तेव्हा बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, पत्र लिहून विधी कळवला. होम नाही, सप्तपदी नाही. मधे पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, दोन बाजूंना पांढऱ्या वस्त्रांतले वधू-वर, मडक्यातून निघालेल्या सुती दोऱ्याचे एकेक टोक दोघांच्या हातात, आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. इतके सारे वगळताना त्यांनी मोठ्याने म्हणायचा मंगलपाठ वगळला नाही, आणि तो म्हणण्याचा मक्ता कोणा एका वर्गाला दिला नाही, या दोन्ही गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. निवडलेला पाठही तसाच. मंगलसुत्तात देवांकडे मागणे नाही. उत्तम मंगल कोणते, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे: आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, गोंधळ नसलेले निर्वेध काम, अशी आचरणाची यादी. आज पिंपरी, दापोडी, देहूरोडच्या बौद्ध लग्नांत बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, वधू-वरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतात आणि मग मंगलगाथा होऊन फुलांचा वर्षाव होतो. वचन आधी आणि आशीर्वाद नंतर, हा सत्यशोधकी क्रम इथेही दिसतो.

आता या औद्योगिक पट्ट्याकडे वळू. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, आणि या शतकात चाकण भरले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसे आली. त्यांचे वडीलधारे गावी राहिले आणि शेजारपाजार नवा मिळाला. गावात भावकी असते. सुनेला त्रास झाला तर चावडीवर, पारावर बोलणे होते, चार माणसे दोन्ही घरांना ओळखत असतात. चिखलीतल्या चाळीत किंवा मोशीच्या सोसायटीत तसे कोणी नसते. नवरा पहिल्या पाळीला, शेजारी तिसऱ्या पाळीला, आणि सासरी काय चालले आहे ते माहेरी फोनवर सांगितले तरच कळणार. ज्या ठिकाणी साक्षीदारांची गरज सर्वांत जास्त, तिथेच साक्षीदार सर्वांत कमी, अशी ही अडचण आहे. ती पोकळी भरून काढायला शुभाशीर्वादाची यादी फुगते. कोणीतरी वजनदार माणूस आपल्यामागे आहे हे दाखवायचे असते. पण यादीतला पाहुणा त्या संध्याकाळी आणखी चार मांडवांत जाणार असतो. नवरीचे नाव त्याला निवेदकाने हातात दिलेल्या चिठ्ठीवरून कळते. पुढे त्याच्या दारात जाऊन ‘तुम्ही आशीर्वाद दिला होता’ असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नसते, आणि त्यालाही ते आठवत नसते.

मग करायचे काय? एका साध्या हिंदू लग्नाचा हिशेब मांडून पाहू. मंगलाष्टकांसाठी आठ मिनिटे धरली तर पहिली दोन मिनिटे परंपरेच्या दोन कडव्यांना द्यावीत. गणपतीचे कडवे झाले की मांडव शांत होतो, तेवढ्यासाठी तरी ते हवे. पुढची दोन मिनिटे वधू-वरांची, प्रत्येकी एक मिनिट, चार-पाच वाक्यांचे वचन. उरलेली चार मिनिटे वाचणाऱ्या वडीलधाऱ्याची. मोठ्याने, सावकाश वाचताना मिनिटाला शंभरएक शब्द होतात. मांडवातला गोंगाट आणि वाचणाऱ्याचे वय धरता तीनशे शब्दांचा मजकूर पुरे, आणि तो एका पानावर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. मोबाइलवर पाहून वाचू नये. ऐन वेळी फोन वाजतो आणि चष्मा लावूनही अक्षर दिसत नाही. मजकुरात तीन गोष्टी याव्यात: आम्ही काय ऐकले, आम्ही काय मागतो आणि आम्ही काय करू. तिसरी गोष्ट बहुधा राहून जाते, आणि तिच्यावाचून आशीर्वाद पुन्हा सदिच्छा होऊन बसतो. उदाहरणादाखल असे लिहिता येईल: ‘बाळांनो, तुम्ही एकमेकांना दिलेले वचन आम्ही दोन्ही घरच्यांनी ऐकले आहे. तुमच्या घरात अन्न असो, कामाला बरकत असो, आणि रात्री दमून आलेल्या माणसाशी प्रेमाने बोलायला दोघांकडे शब्द असोत. या मुलीकडून आम्ही काही घेतलेले नाही आणि पुढे मागणार नाही. तुमच्यापैकी कोणालाही दुखले तर आमच्याकडे यावे, आम्ही कोणाची बाजू आधीच धरणार नाही. हे न पाळले तर या मांडवातल्या कोणीही आम्हाला जाब विचारावा.’ शेवटचे वाक्य ठरलेले ‘शुभमंगल सावधान’च असावे. अक्षता कधी टाकायच्या आणि वाजंत्री कधी सुरू करायची हे सर्वांना त्याच इशाऱ्याने कळते. तो बदलला तर अक्षता मधेच पडतात आणि बँडवाला वाक्य पुरे होऊ देत नाही.

बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. सर्वांत सामान्य चूक म्हणजे मजकूर सुंदर करण्याचा हव्यास. भाचा किंवा पुतण्या अलंकारिक लिहून देतो, आजोबा अडखळतात आणि मांडव हसतो. ज्याने वाचायचे त्यानेच, निदान त्याच्या बोलीत, तो लिहावा. दुसरी चूक म्हणजे माइक निवेदकाच्या हातात राहणे. तो प्रत्येक वाक्यावर शेरा मारतो आणि साक्षीची जागा पुन्हा कार्यक्रम घेतो. तिसरी, वचन फक्त नवरीकडून घेणे. मोठ्यांचा मान राखीन, घर सांभाळीन असे तिने म्हणायचे आणि त्याने नुसते हार घालायचे, असे झाले तर सगळा खटाटोप फुकट. आशीर्वाद पोहोचला की नाही याची खूण सोपी आहे. पंगतीत शेजारच्याला विचारावे की मुलाने काय कबूल केले. उत्तर आले तर साक्षीदार तयार झाला.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही वजनाचे आहेत. पहिला आक्षेप परंपरेचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मंगलाष्टके आपण कोण बदलणार? याचे उत्तर परंपरेतच आहे. घरच्यांनी नवी कडवी रचून त्यात भर घालावी हीच मंगलाष्टकांची परंपरा आहे, आणि वेळ पाहून आठांची पाच करण्याला गुरुजींचीही हरकत नसते. मंत्र, होम, सप्तपदी यांना इथे कोणी हात लावलेला नाही. गुरुजींचे कामही जात नाही. विवाह नोंदणीच्या अर्जावर वर, वधू आणि तीन साक्षीदार यांच्याबरोबर विवाह लावणाऱ्या पुरोहिताचीही सही लागते, आणि विधी त्यांनीच चालवले असतील तर ती त्यांचीच राहील.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. परगावहून आलेल्या कुटुंबाला इथे रेशनकार्डापासून मुलाच्या नोकरीपर्यंत स्थानिक पुढाऱ्याचा आधार लागतो. त्याला मांडवात मान दिला नाही तर नुकसान होते. मान जरूर द्यावा. फेटा बांधावा, नारळ द्यावा, स्वागत समारंभात बोलायलाही सांगावे. प्रश्न फक्त त्या आठ मिनिटांचा आहे. शिवाय एखादा माजी नगरसेवक खरोखरच रात्री-अपरात्री त्या घरासाठी धावून येणारा असेल तर तोही वडीलधाराच की. कसोटी पदाची नाही, जाब विचारता येण्याची आहे. त्या कसोटीला उतरणारा माणूस पाच मांडव टाकून या एका मांडवात अक्षता पडेपर्यंत थांबेल.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. घरचा वडीलधारा म्हणजे कोण? बऱ्याच वेळा हुंड्याची बोलणी करणारा तोच असतो. मोटारीची आणि सोन्याची मागणी ज्याने बैठकीत पुढे केली, त्याच्याच तोंडून ‘काही घेतले नाही’ असे वदवून घेणे म्हणजे ढोंगाला माइक देणे नव्हे का? हे खरे आहे, आणि कोणताही मजकूर यावर पुरता इलाज नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे आणि मागणाऱ्यांना तोही पुरता थांबवू शकलेला नाही, तिथे एका पानाने काय होणार? तरी फरक पडतो, मर्यादित का होईना. खाजगीत मागणाऱ्याला चारशे लोकांसमोर ते नाकारताना जीभ जड होते. काही जण ते वाक्य गाळा म्हणतील. गाळा म्हणणे हीच खूण समजावी. लग्नाच्या आधी, मजकूर ठरवायला दोन्ही घरे बसली असताना, ते वाक्य कोण खोडतो हे मुलीकडच्यांना कळले, तर मांडवात कळण्यापेक्षा ते केव्हाही बरे. आणि वाक्य म्हणून नंतर मोडले, तर निदान ते ऐकलेली माणसे आहेत, आणि आजकाल त्याचे चित्रीकरणही असते.

चौथा प्रश्न घरच्या बायकांचा. वडीलधारा म्हटले की डोळ्यांसमोर फेटा येतो. मुलाला वाढवणारी आजी विधवा असेल तर तिला अक्षतांच्या वेळीसुद्धा मागे ठेवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांवरच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. पण ठराव कागदावर राहू नये असे वाटत असेल तर त्याला कृतीची जागा लागते, आणि लग्नातला आशीर्वाद ही ती जागा होऊ शकते. शिवाय साक्षीदार म्हणून बाई उजवी ठरते. सुनेला काय दुखते ते आधी आजीला, मावशीला, काकूलाच कळते. वाचता येत नसेल तर तिने बोलावे. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांच्या लेकी-नातींना चार ओळी पाठ होणार नाहीत असे समजण्याचे कारण नाही.

आणि जिथे वडीलधारेच येत नाहीत तिथे? या पट्ट्यातली आळंदी लग्नांसाठी प्रसिद्ध आहे. धर्मशाळा, छोटी कार्यालये, थोडा खर्च, आणि घरच्यांचा विरोध पत्करून आलेली जोडपीही. त्यांच्यामागे दोन मित्र आणि एक दुचाकी एवढाच गोतावळा असतो. त्यांना साक्षीदाराची गरज सर्वांत जास्त, म्हणून त्यांनी तो नुसता सहीपुरता शोधू नये. खोलीची मालकीण, लाइनवरचा सुपरवायझर, शाळेतले सर, असा एक माणूस शोधावा ज्याने ‘अडचण आली तर माझ्याकडे या’ असे सर्वांसमक्ष म्हणावे. नात्याने नव्हे, कबुलीने तो वडीलधारा होतो. आंबेडकरांनी मंगलपाठ कोणीतरी म्हणावा एवढेच लिहिले, त्यात ही सोय आपोआप आहे.

सत्यशोधक मंगलाष्टकांना दीडशे वर्षे होत आली, तरी त्या पद्धतीने लागणारी लग्ने थोडी आहेत. लोकांना अग्नी हवा असतो, गुरुजी हवे असतात, अष्टविनायकांचे कडवे हवे असते, आणि त्यात काही वावगे नाही. फुल्यांचा संपूर्ण विधी स्वीकारणे ज्यांना शक्य नाही त्यांनी त्यातला क्रम तरी घ्यावा. आधी दोघांचे वचन, मग ते ऐकलेल्या माणसाचा आशीर्वाद. याला खर्च नाही, कोणाची परवानगी लागत नाही, आणि वेळ लागतो तो एका पुढाऱ्याच्या दोन शब्दांपेक्षा कमी. फक्त लग्न ठरल्यावर, पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी, दोन्ही घरांनी एक संध्याकाळ बसून ते पान लिहावे लागते आणि त्याखाली कोणाचे नाव घालायचे ते ठरवावे लागते. ते नाव घालायला कोणी तयार होत नसेल, तर मुहूर्त काढण्याची घाई करू नये.